थायरॉइडच्या गोळीचे अपुरे शोषण

हायपोथायरॉइडिझमसाठी घेतलेल्या लेव्होथायरॉक्सिनच्या गोळीचा पुरेसा भाग आतड्यातून रक्तात न उतरणे. गोळी रोज पोटात जाते, तरी थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले की रक्तात वाढणारा टीएसएच चढाच राहतो आणि दर तपासणीला डोस वाढवावा लागतो.

उपाशीपोटी घेतलेल्या गोळीचा साधारण ७० ते ८० टक्के भाग शोषला जातो. त्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. जठरातल्या आम्लात गोळी विरघळली पाहिजे आणि पुढे लहान आतड्याच्या अस्तराने ते औषध उचलले पाहिजे. पित्ताच्या गोळ्या पहिली पायरी बिघडवतात, आतड्याचे अस्तर झिजवणारा सिलिअ‍ॅक आजार दुसरी. ग्रंथीचे काम जवळजवळ थांबलेल्या प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे १.६ मायक्रोग्रॅम औषध पुरते. गरज याच्या बरीच वर गेली, की संशय ग्रंथीवर नव्हे, पोटावर घ्यायचा.

एक नमुना पाहू. तासगावकडच्या पन्नास किलो वजनाच्या बाईंना हिशोबाने ८० मायक्रोग्रॅमच्या आसपास डोस पुरायला हवा. त्या १५० घेतात, तरी टीएसएच १६. हिमोग्लोबिन साडेआठ, लोहाच्या गोळ्यांनी न वाढणारे. पोट अधूनमधून बिघडते. सकाळी उठल्या उठल्या थायरॉइडची गोळी, पँटोप्राझोल आणि लोहाची गोळी एकाच घोटात, वर लगेच दुधाचा चहा. इथे आधी डोस वाढवायचा नसतो, सकाळ सोडवायची असते. थायरॉइडची गोळी एकटी, साध्या पाण्याबरोबर. चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. लोह आणि कॅल्शियम चार तासांनंतर. गोळ्या खरोखर रोज घेतल्या जातात का, हेही याच वेळी विचारावे. पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या तर पुष्कळदा उत्तर तिथेच सापडते.

पित्ताच्या गोळीचा मात्र वेळ बदलून उपयोग होत नाही. पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्या आम्ल दिवसभर कमी ठेवतात, म्हणून त्या रात्री घेतल्या तरी सकाळची गोळी कमी आम्लातच पडते. पित्तावरचे पातळ, गुलाबी-पांढरे औषध वेगळे. त्यातले अ‍ॅल्युमिनियम थायरॉक्सिनला धरून ठेवते आणि तिथे चार तासांचे अंतर कामी येते. दुखण्याच्या गोळ्यांबरोबर ‘गॅससाठी’ म्हणून सुरू झालेले पँटोप्राझोल वर्षानुवर्षे चालू राहते. त्याची गरज उरली नसेल तर डॉक्टरांना विचारून बंद करावे. गरज असेल तर ते चालू ठेवून थायरॉक्सिनचा डोस टीएसएचप्रमाणे ठरवावा.

बाईंचे पँटोप्राझोल डॉक्टरांनी बंद केले. आठ आठवड्यांनी टीएसएच ११ आला. थोडा उतरला, पण पुरेसा नाही. उरलेल्या फरकाचा आणि न वाढणाऱ्या हिमोग्लोबिनचा धागा एकच असू शकतो: सिलिअ‍ॅक आजार. गहू आणि जवातल्या ग्लुटेनमुळे आतड्याच्या अस्तरावरचे मखमली अंकुर झिजून सपाट होतात, मग लोहही शोषले जात नाही आणि थायरॉक्सिनही. हाशिमोटोच्या थायरॉइड आजारात हा विकार इतरांपेक्षा जास्त आढळतो, कारण दोन्ही प्रतिकारशक्तीच्या चुकीतून होतात. टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करतात आणि ती वाढलेली आली तर एंडोस्कोपीतून लहान आतड्याचा तुकडा तपासतात. तोवर चपाती सोडायची नाही. आधीच सोडली तर तपासण्या खोट्याच चांगल्या येतात.

निदानानंतरचे पथ्य जत-आटपाडीच्या किंवा माण-खटावच्या घरात नवे नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ग्लुटेन नसते. अडचण गिरणीत येते. गव्हाच्या पाठोपाठ त्याच जात्यावर शाळू दळला की पिठात गहू उतरतोच, म्हणून दळण घरच्या वेगळ्या चक्कीवर करणे बरे. खपली गहू ‘पचायला हलका’ म्हणून या रुग्णांना सुचवला जातो, हे चूक आहे; खपली गहूच आहे. बांधणी हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ असते.

अंकुर पुन्हा उगवायला महिने लागतात, प्रौढांत कधी वर्षाहून जास्त. जसजसे ते भरतात तसतसा तोच १५० चा डोस जास्त होऊ लागतो: छातीत धडधड, हातांना कंप, झोप उडणे. औषधाचे अर्धायुष्य सुमारे आठवड्याचे असल्याने डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच टीएसएच खरा दिसतो. त्याप्रमाणे डोस १२५, मग १०० असा उतरवतात.

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर हिशोब दोन्ही बाजूंनी ओढला जातो. बायपासमध्ये जठराचा मोठा भाग आणि आतड्याचा वरचा तुकडा वाटेतून वगळला जातो, शिवाय लोह-कॅल्शियमच्या गोळ्या कायमच्या मागे लागतात, त्यामुळे शोषण घटते. पण वजनही उतरते आणि त्याबरोबर गरज कमी होते. एका रुग्णाचा डोस वाढतो, दुसऱ्याचा घटतो. आधीच अंदाजाने डोस वाढवणे म्हणूनच धोक्याचे. वजन स्थिरावेपर्यंत टीएसएच पुन्हा पुन्हा पाहावा लागतो.