थांबलेल्या बसला ओलांडून जाणं (मुंबई)

बस स्टॉपवर बस उभी आहे, लोक चढतायत उतरतायत, आणि मागून येणारी गाडी तिच्या बाजूने काढून पुढे जायचंय, एवढाच हा मामला. चालत्या गाडीला ओव्हरटेक करताना त्या गाडीचा स्पीड बघतात, पण इथे बस उभी असते आणि हलतात ती माणसं, तीही बसच्या आड, म्हणून याचं गणित वेगळं पडतं. मुंबईत हे करायच्या दोन बाजू आहेत. उजवीकडून गेलात तर धोका बसच्या तोंडाशी आणि डावीकडून घुसलात तर बसच्या दाराशी. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये उजवीकडचं थोडंफार सांगतात, डावीकडचं फारसं कोणी बोलत नाही, आणि खरा लोचा तिथेच आहे.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. ओव्हरटेक उजवीकडूनच करायचा, डावीकडून फक्त ठरावीक परिस्थितीत, म्हणजे पुढची गाडी उजवीकडे वळायचा इशारा देऊन रस्त्याच्या मध्यावर आली असेल तर वगैरे, हे आपल्या वाहतूक नियमांत पूर्वीपासून आहे. दुसरं म्हणजे वळण, चढ किंवा कुठल्याही अडथळ्यामुळे पुढचं नीट दिसत नसेल तर ओव्हरटेक करायचाच नाही. उभी बस हा असाच अडथळा, भिंतच म्हणा. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये नियम मोडून ओव्हरटेक करणं हे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये नाव घेऊन घातलंय, पहिल्या वेळेला एक ते पाच हजार दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. अर्थात रस्त्यावर रोज जे चालतं ते बघितलं तर हे कलम कोणाला आठवतं असं वाटत नाही.

आता डावी बाजू. बस फूटपाथला चिकटून उभी राहिली तर डावीकडे जागाच उरत नाही आणि प्रश्नच मिटतो. पण मुंबईत बस फूटपाथला लागते किती वेळा? उपनगरात अंधेरी, कुर्ला, घाटकोपर कुठल्याही स्टेशनबाहेर बघा, स्टॉपच्या खांबाखाली शेअर रिक्षांची लाईन, तिच्यामागे एखादा टेम्पो माल उतरवतोय, त्याच्या बाजूला भाजीची गाडी. शहरात रिक्षा नाहीत, त्या सायन-बांद्र्याच्या अलीकडेच थांबतात, पण काळी-पिवळी टॅक्सी आणि पार्क केलेल्या गाड्या तेच काम करतात. मग बसचा ड्रायव्हर काय करणार, दुसऱ्या लेनमध्येच ब्रेक मारतो आणि दार उघडतो. पावसाळ्यात तर फूटपाथच्या कडेला पाणी साचलेलं असतं म्हणून लोकच पुढे येऊन रस्त्यात उभे राहतात आणि बसही तिथेच थांबते. म्हणजे बस आणि फूटपाथ यांच्यात दीड-दोन मीटरची गल्ली तयार होते, आणि ती गल्ली बाईकवाल्याला आणि डिलिव्हरीच्या स्कूटरला मोकळा रस्ता वाटते.

ती मोकळी नसते. बसची दारं डाव्याच बाजूला, म्हणजे त्या गल्लीतच उघडतात. उतरणारी बाई एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने दांडा धरलेला, नजर खाली पायरीकडे, आणि पाय टाकला की ती थेट बाईकच्या वाटेत. ती मागे वळून बघत नाही कारण बघायचं कारणच नाही, बसमधून उतरल्यावर फूटपाथ असायला हवा होता. बाईक 30 च्या स्पीडने येत असेल तर सेकंदाला आठ मीटर जाते, आणि माणसाला पायरीवरून खाली यायला एक सेकंदही लागत नाही. म्हणजे बाईकवाल्याने दारातला पाय बघितला तेव्हा तो दोन बाक मागे असेल तर ब्रेक दाबायला वेळ नाही, हॉर्न वाजवायला तर नाहीच. आणि हॉर्न वाजवला तरी काय होतं, उतरणारा दचकून तिथेच थांबतो किंवा परत पायरीवर चढायला जातो, दोन्हीने जास्त गोंधळ. त्यात मागच्या बाजूला फूटपाथवरून बस पकडायला धावणारी माणसं असतात, ती बसच्या दाराकडे बघत धावतात, तीही त्याच गल्लीतून.

म्हणून साधा नियम असा ठेवायचा की स्टॉपवर बस उभी असेल आणि तिच्या डावीकडे जागा दिसत असेल तर ती जागा पॅसेंजरची आहे, गाडीची नाही. आत शिरायचंच नाही, बसच्या मागे थांबायचं. बस स्टॉपवर थांबते अर्धा मिनिट, गर्दीच्या वेळी मिनिटभर. आणि आधीच आत शिरला असाल आणि बस तुमच्या बाजूला येऊन थांबली, असंही होतं, तर दाराच्या मागेच गाडी उभी करायची, पाय टेकायचे आणि शेवटचा माणूस फूटपाथवर जाईपर्यंत हलायचं नाही. मागचा कितीही पॅ पॅ करू दे.

दाराकडे बघायची सवय लावली की निम्मं काम होतं. जुन्या बसेसना मागे उघडं दार असायचं, लोक बस थांबायच्या आधीच उड्या मारायचे, त्यामुळे कधी कोण पडेल सांगता येत नसे. आता एसी बसेसना ऑटोमॅटिक दारं आहेत, ती बंद असतील तोवर कोणी उतरत नाही, पण म्हणून बंद दार बघून वेग वाढवायचा नाही कारण बस थांबली की दार दोनेक सेकंदात उघडतं आणि आतले लोक दाराला चिकटून तयारच असतात.

उजवीकडचा धोका वेगळा, तिथे माणूस बसच्या पुढून येतो. उतरलाय डावीकडे, जायचंय पलीकडे, आणि झेब्रा क्रॉसिंग शंभर पावलं पुढे असतं तिथे जायचा कोणाला कंटाळा, म्हणून तो बसच्या नाकासमोरून निघतो. नेहमीची बस सुमारे बारा मीटर लांब आणि तीन मीटर उंच, मागच्या काचेवर जाहिरात चिकटवलेली, आरपार काही दिसत नाही. उंच जुन्या बसच्या खालून कधी कधी पाय तरी दिसायचे, लो फ्लोअर बसखालून तेही नाही.

हे एकदा आकड्यात बघू. एस. व्ही. रोडसारखा रस्ता, पाऊस पडून गेलेला, बस स्टॉपवर उभी, तुम्ही कारमधून 40 च्या स्पीडने तिच्या बाजूला एक मीटर जागा सोडून येताय. बसच्या तोंडापुढे एका पावलावर एक माणूस चालायला लागलाय. तुमची सीट उजवीकडे, त्यामुळे बसच्या कोपऱ्यापलीकडचं थोडं दिसतं, पण अगदी थोडं, बसच्या तोंडापासून 15 मीटर मागे असताना जेमतेम वीतभर. म्हणजे माणूस जवळजवळ बाहेर आल्यावरच दिसणार. तुमच्या आणि त्याच्यात अंतर 16 मीटर. 40 ला गाडी सेकंदाला 11 मीटर जाते, डोक्याला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, म्हणजे 11 मीटर तिथेच गेले, आणि ओल्या रस्त्यावर थांबायला अजून साधारण 15. एकूण 26. जवळ आहेत 16. कोरडा रस्ता असता तरी 20 लागले असते. आता हेच 20 च्या स्पीडने करा, पाच-सहा मीटर विचारात आणि चारेक मीटर ब्रेकमध्ये, दहाच्या आत गाडी उभी.

पण माणूस तुम्ही पाच मीटरवर आल्यावर निघाला तर 20 सुद्धा जास्त होतो, तिथे 10 हवा, मग चार मीटरमध्ये गाडी थांबते. म्हणून बसच्या मागच्या टायरपाशी 20 आणि तोंड पार करताना 10, म्हणजे फर्स्ट गिअर आणि पाय ब्रेकवर. बाजूला जागा एक मीटरऐवजी दोन सोडली तर चालणाऱ्या माणसाला तुमच्यापुढे यायला अजून पाऊण सेकंद लागतो, तो पाऊण सेकंद तुमचा. डिव्हायडर नसलेल्या रस्त्यावर मात्र ही जागा समोरून येणाऱ्याची असते, आणि समोरून ट्रॅफिक असेल तर बसच्या मागे थांबण्यापलीकडे काही करायचं नाही. पलीकडच्या फूटपाथवर पण नजर हवी, ही बस पकडायला रस्ता तोडून धावत येणारा माणूस बसकडेच बघत येतो, तुमच्याकडे नाही.

कधी कधी अर्ध्यावर पोचल्यावर बसच सुटते. कंडक्टर असलेल्या बसमध्ये डबल बेल वाजते, ती बाहेर ऐकू येतेच असं नाही. दिसतं ते असं: दार बंद होतं, उजवा इंडिकेटर लागतो (कधी लागतो, कधी ड्रायव्हर नुसता हात बाहेर काढतो) आणि सगळ्यात खात्रीचं म्हणजे पुढचं चाक उजवीकडे वळतं. चाक वळलेलं दिसलं आणि तुम्ही अजून बसच्या मागच्या निम्म्यात असाल तर सोडून द्या, बसला जाऊ द्या. पुढच्या निम्म्यात असाल तर मध्येच अडकू नका, समोर रिकामं आहे हे बघून निघून जा. इलेक्ट्रिक बसचं इंजिन गुरगुरत नाही, त्यामुळे कानावर विसंबून चालत नाही.

बसवाल्यांचंही सगळं बरोबर असतं असं नाही. स्टॉपच्या बराच पुढे किंवा मागे, भर रस्त्यात दार उघडणारे ड्रायव्हर आहेत आणि समोर कोणी रिक्षा नसताना सवयीने दुसऱ्या लेनमध्ये थांबणारेही आहेत. पण स्टॉपजवळ पार्किंग करायचं नाही हाही नियमच आहे आणि तो मोडला नाही तर बसला बाहेर थांबायची वेळ कमी येईल, म्हणजे बाईकवाल्याची ती गल्ली बनते ती मुळात पार्क केलेल्या कारवाल्यामुळे.

स्कूल बसचं थोडक्यात. अमेरिकेत लाल दिवे लुकलुकले की मागच्या गाड्यांनी थांबावंच लागतं, मधे डिव्हायडर नसेल तर समोरच्यांनीही, जर्मनीत इंडिकेटरचे चारही दिवे लावून थांबलेल्या बसच्या बाजूने चालण्याच्या वेगाने जावं लागतं. आपल्याकडे मुलं उतरवायला मावशी असते आणि ती हात आडवा करते. मूल बॉनेटच्या उंचीचं असतं, एसयूव्हीच्या पुढे आलं तर ड्रायव्हरला दिसतच नाही, म्हणून तिथे मुलाकडे न बघता मावशीच्या हाताकडे बघायचं आणि हात खाली जाईपर्यंत बसच्या मागेच उभं राहायचं.