दंडाकार जीवाणूचा घाट आणि एमआरईबी प्रथिन

जीवाणूला आतून आधार देणारा सांगाडा नसतो आणि त्याचा आकार केवळ बाहेरच्या कडक पेशीभित्तीमुळे टिकतो, अशी समजूत विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत रूढ होती. भित्तीमुळे आकार टिकतो हे खरेच होते. पण ती भित्ती दंडासारखी बांधायची की गोल, हे कशावरून ठरते, याचे उत्तर त्यात नव्हते.

पहिला धागा जपानमध्ये हाती लागला. मेसिलिनॅम हे प्रतिजैविक दिले की ई. कोलाय या जीवाणूचे दंड गोल होतात, हे ठाऊक होतेच. 1987 साली वाची, मात्सुहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या औषधाला दिला जाणारा प्रतिसाद आणि पेशीचा आकार या दोहोंशी निगडित असलेली जनुके वेगळी केली. त्यांतल्या एकापासून बनणारे प्रथिन म्हणजे एमआरईबी. पुढे 1992 साली अमिनो आम्लांच्या क्रमावरून असे अनुमान निघाले की त्याची घडण आपल्या स्नायूंतल्या अ‍ॅक्टिन या प्रथिनासारखी असावी. 2001 साली केंब्रिजमध्ये त्याची स्फटिकरचना उलगडली आणि ते अनुमान खरे ठरले.

त्याच वर्षी बॅसिलस सब्टिलिस या जीवाणूमध्ये हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागालगत मळसूत्रासारखे गुंडाळलेले दिसले. हे चित्र इतके देखणे होते की जवळजवळ दशकभर त्यावर फारशी शंका घेतली गेली नाही. 2011 साली तीन गटांनी दाखवले की प्रत्यक्षात एमआरईबीचे छोटे, सुटे तुकडे पेशीच्या परिघावरून फिरतात आणि भित्ती बांधण्याचे काम थांबवले की तेही थांबतात. ई. कोलायमध्ये दिसलेले मळसूत्र तर सूक्ष्मदर्शकाखाली दिसावे म्हणून प्रथिनाला जोडलेल्या चमकत्या खुणेमुळेच तयार झाले होते, हे पुढच्या वर्षी उघड झाले. आता चित्र असे आहे, की हे तुकडे पेशीच्या घेराच्या दिशेने वळतात आणि नवी भित्ती त्याच दिशेने आडवी विणली जाते. त्यामुळे पेशी जाड न होता लांब वाढते.

हे प्रथिन काढून टाकले की काय होते, ते ई. कोलायमध्ये स्पष्ट दिसते. दंड गोल होतो आणि फुगत जातो. विभाजनासाठी एफटीएसझेड या दुसऱ्या प्रथिनाचे कडे पेशीच्या मध्यावर बसावे लागते. एक मायक्रॉन जाडीच्या दंडाला सुमारे तीन मायक्रॉन लांबीचे कडे पुरते, पण गोळ्याचा व्यास तीन मायक्रॉन झाला तर तेच कडे नऊ मायक्रॉनच्या वर लागते आणि पेशीतला साठा अपुरा पडतो. शिवाय तेवढ्याच आकारमानाच्या दंडापेक्षा गोळ्याचे पृष्ठफळ कमी असल्यामुळे पेशीभोवतीचे जास्तीचे पटल आत वळून त्याच्या पिशव्या होतात. भरपूर अन्न असलेल्या माध्यमात असे जीवाणू विभागू न शकल्याने मरतात. मात्र सावकाश वाढू दिले, किंवा एफटीएसझेडचा पुरवठा वाढवला, तर ते गोल राहूनही विभागत राहतात.