वर्ल्ड फाइलमधला बिंदू कोणता: चित्राचा कोपरा की पिक्सेलचा मध्य?

स्कॅन केलेल्या नकाशाला हाताने कंट्रोल पॉइंट न देता जागेवर बसवायचं, तर चित्राशेजारी सहा ओळींची एक साधी टेक्स्ट फाइल, म्हणजे वर्ल्ड फाइल, पुरते. `sheet.tif` असेल तर `sheet.tfw`, जेपीजी असेल तर `.jgw`, पीएनजी असेल तर `.pgw`. नाव तेच, फक्त शेपूट वेगळं. या सहा आकड्यांसारखाच दिसणारा दुसरा सहा आकड्यांचा संच म्हणजे जीडॅलचा जिओट्रान्सफॉर्म. दोन्ही एकच गोष्ट सांगतात, पण मोजायला सुरुवात वेगवेगळ्या बिंदूंपासून करतात. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त चुका इथेच होतात, आणि त्या सहज डोळ्यांत भरत नाहीत.

एक नकाशा घेऊ. प्रमाण १:५०,०००, स्कॅन २५४ डीपीआयला. हा आकडा मला आवडतो, कारण एक पिक्सेल बरोबर ०.१ मिमी होतो आणि जमिनीवर ५ मीटर. नकाशा यूटीएम ग्रिडवर आहे, स्कॅन सरळ आहे आणि चित्र चौकटीच्या रेषेवर नेमकं कापलेलं आहे. वरच्या डाव्या कोपऱ्याची किंमत पूर्व ३५००००, उत्तर २०५००००. वर्ल्ड फाइल अशी होईल:

```
5.0
0.0
0.0
-5.0
350002.5
2049997.5
```

पहिली ओळ पिक्सेलची रुंदी, चौथी उंची. चौथी ऋण, कारण चित्रात खाली जाताना उत्तरेची किंमत घटते. मधल्या दोन ओळी स्कॅनच्या तिरकेपणाच्या, म्हणून इथे शून्य. शेवटच्या दोन ओळींत कोपऱ्याची किंमत नाही. वरच्या डाव्या *पिक्सेलच्या मध्याची* आहे. म्हणून पूर्वेत अर्धा पिक्सेल वाढवला आणि उत्तरेतून तेवढाच वजा केला.

याच नकाशाचा जिओट्रान्सफॉर्म पाहा:

```
(350000.0, 5.0, 0.0, 2050000.0, 0.0, -5.0)
```

इथे क्रम वेगळा आहे आणि सुरुवात पिक्सेलच्या *बाहेरच्या कोपऱ्यापासून* आहे. हे आकडे त्याच क्रमाने `.tfw` मध्ये चिकटवले, तर पिक्सेलची रुंदी साडेतीन लाख मीटर होते. ती चूक लगेच कळते. क्रम बरोबर लावला पण कोपरा तसाच ठेवला, तर नकाशा वायव्येला सरकतो, पूर्व-पश्चिम अडीच मीटर आणि उत्तर-दक्षिण अडीच मीटर. ही मात्र नजरेला दिसत नाही. `gdalinfo sheet.tif` चालवलं की `Origin` मध्ये कोपरा दिसतो. तिथे 350000, 2050000 हवं. त्याऐवजी 349997.5, 2050002.5 आलं, तर कोपऱ्याचीच किंमत मध्य म्हणून लिहिली गेली आहे.

आता चित्र कापलेलं नसेल, समास तसाच असेल, तर काय? समजा ३५००००, २०५०००० हा ग्रिडचा छेद चित्रात ४००व्या स्तंभात, ३००व्या ओळीत दिसतो आणि मोजणी शून्यापासून आहे. अशा वेळी तो आकडा पिक्सेलचा क्रमांक असतो, छेद त्या पिक्सेलच्या मध्याशी धरायचा. मग ३५०००० उणे ४०० गुणिले ५, म्हणजे ३४८०००, आणि २०५०००० अधिक ३०० गुणिले ५, म्हणजे २०५१५००. हेच शेवटच्या दोन ओळींत जसंच्या तसं जाईल, कारण दोन्ही टोकं मध्यावरच आहेत. इथे सवयीने अर्धा पिक्सेल मिळवला, तर चूक उलट्या दिशेला होते. म्हणून आधी विचारावं: माझा आकडा चित्राच्या कडेपासूनचं अंतर आहे, की पिक्सेलचा क्रमांक?

अडीच मीटर म्हणजे कागदावर ०.०५ मिमी, छापील रेषेच्या जाडीपेक्षाही कमी. एकट्या नकाशाला ते सहसा चालतं. पण शेजारच्या दोन पत्रकांपैकी एक कोपऱ्याने आणि दुसरं मध्याने बसवलं, की जोडावर रस्ते अर्ध्या पिक्सेलने तुटतात. १:१०,००,००० च्या नकाशात हाच अर्धा पिक्सेल ५० मीटरचा होतो.

आणखी एक अडचण नेहमी येते: `.tfw` दुरुस्त करूनही नकाशा हलत नाही. जीडॅल टिफसाठी आधी `.aux.xml` आणि टिफच्या आत लिहिलेली माहिती पाहतं, वर्ल्ड फाइल त्यानंतर. जुनी `sheet.tif.aux.xml` तिथेच पडलेली असेल तर ती बाजूला काढून पाहा. आणि वर्ल्ड फाइलमध्ये प्रक्षेपण कुठलं हे कुठेच लिहिलेलं नसतं. यूटीएमचा झोन आणि डेटम क्यूजीआयएसमध्ये वेगळा सांगावाच लागतो.