गोळी मागायला आलेल्या ताईंनी तांबी का बसवली

पाळणा लांबवायला काय वापरावं, हे विचारायला आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी दारातच घुटमळतात. गाव लहान, ओळखी फार. म्हणून सल्ल्यांची यादी देण्याऐवजी इथे एक गोष्ट सांगतो आहोत. ती कुणा एकीची नाही. अनेकींच्या बोलण्यातून ती आम्ही जुळवली आहे, त्यामुळे कुणाला कुणी ओळखायचा प्रश्न नाही. हे पत्रक घरी न्यायचं नसेल तर बाकावर बसून वाचा आणि इथेच ठेवून जा.

ताई दुपारी आल्या, गर्दी नसताना. काउंटरवर त्यांनी एवढंच सांगितलं, "डॉक्टरांना भेटायचंय." कशासाठी, हे आम्ही काउंटरवर विचारत नाही. सिस्टरांनी त्यांना आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, तुम्हाला फोन केलेला चालेल का? की नकोच?"

"नको. फोन घरात कुणीही उचलतं."

सिस्टरांनी केसपेपरवर तसं लिहिलं. अशा वेळी आम्ही फोन करत नाही, मेसेज पाठवत नाही आणि पुढच्या तारखेचं कार्डही आमच्याकडेच ठेवतो. नवऱ्याची सही मागत नाही. त्याला सोबत आणलं तर आनंदच आहे, पण ती अट नाही.

ताईंना गोळ्या हव्या होत्या. शेजारची एक जण घेते, तिला काही त्रास नाही, तीच पाकिटं द्या म्हणाल्या. मूल दोन वर्षांचं होतं, दुसरं हवं होतं, पण एवढ्यात नको. डॉक्टरांनी पाळीची तारीख विचारली. पाळी येऊन सहावा दिवस होता, म्हणजे दिवस राहिलेले असण्याची शक्यता जवळपास नव्हती. बी.पी. नीट होतं. मग डॉक्टरांनी विचारलं, "डोकं दुखतं का कधी?"

"दुखतं की. एका बाजूने. उलटीसारखं होतं."

"दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काही दिसतं?"

ताई जरा थांबल्या. हो, दिसतं. आधी एका कोपऱ्यात चमक येते, मग वेड्यावाकड्या रेघा लखलखतात, त्या पसरत जातात. वीसेक मिनिटांनी ते थांबतं आणि डोकं ठणकायला लागतं. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं समजून त्यांनी ते कुणाला सांगितलंच नव्हतं.

या एका उत्तराने नेहमीची गोळी बाद झाली. त्या गोळीत दोन संप्रेरकं असतात आणि त्यातलं एक म्हणजे इस्ट्रोजेन. त्याने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका थोडा वाढतो. बहुतेक तरुण, निरोगी बायकांमध्ये हा धोका इतका कमी असतो की गोळी बिनधास्त देता येते. पण अर्धशिशीच्या आधी अशा रेघा दिसणाऱ्या बाईला पक्षाघाताचा धोका मुळातच इतरांपेक्षा जास्त असतो आणि इस्ट्रोजेन त्यात भर घालतं. अशा बाईला ही गोळी कुठल्याही वयात देत नाहीत. नुसती डोकेदुखी आणि आधी रेघा दिसणारी डोकेदुखी यांत इथे मोठा फरक आहे. शेजारणीची गोळी घेऊ नका असं आम्ही पुन्हापुन्हा सांगतो ते यासाठीच. गोळी तीच असते, अंग वेगळं असतं.

इस्ट्रोजेन नसलेलीही गोळी असते. पण ती रोज ठरल्या वेळी घ्यावी लागते आणि पाकीट घरात ठेवावं लागतं. ताईंनी मान हलवली. नको.

मग इंजेक्शनचा विषय निघाला. दर तीन महिन्यांनी एक सुई, घरात ठेवायला काहीच नाही. कुणाला कळू द्यायचं नसेल तर हेच बरं, असं ऐकताक्षणी वाटतं, आणि पुष्कळ जणींना ते खरोखर सोयीचं पडतं. पण त्याने पाळीचं वेळापत्रक बदलतं. पहिले काही महिने थोडं थोडं अंगावरून जात राहतं, कधीही सुरू होतं, कधीही थांबतं. पुढे अनेकींची पाळी बंदच होते. तब्येतीला त्याने अपाय होत नाही, रक्त आत साठून राहत नाही. पण ताईंच्या घरात पाळी कधी येते हे सगळ्यांना माहीत होतं. "पाळी चुकली की पहिला प्रश्न येईल, दिवस गेले का," त्या म्हणाल्या. इंजेक्शन कुणाला दिसलं नसतं, पण त्याचा परिणाम दिसला असता.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली. इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला इतर साधनांपेक्षा काही महिने जास्त लागतात. शेवटच्या सुईपासून वर्ष होत आलं तरी त्यात काळजीचं काही नसतं. ज्यांना दीड-दोन वर्षांत मूल हवं आहे त्यांना हे सुई घेण्याआधीच माहीत असायला हवं.

आता तांबी. इंग्रजी टीच्या आकाराची, प्लॅस्टिकची, तांब्याची तार गुंडाळलेली. डॉक्टरांनी नमुन्याची तांबी ताईंच्या हातावर ठेवली. "एवढीशीच?" त्या म्हणाल्या. त्यांना ती बरीच मोठी असेल असं वाटत होतं. तांब्यामुळे शुक्राणू निकामी होतात, बीजापर्यंत पोचत नाहीत. संप्रेरक अजिबात नसल्याने अर्धशिशीशी तिचा संबंध येत नाही. पाळी दर महिन्याला येत राहते. तांबी दहा वर्षं चालते आणि शंभर जणींनी वर्षभर वापरली तर एखादीलाही दिवस राहणं विरळाच. काढल्यावर लगेच मूल होऊ शकतं.

खोट तिच्यातही आहे. पहिले तीन ते सहा महिने पाळीत रक्त जास्त जातं आणि पोटात जास्त दुखतं. म्हणून डॉक्टरांनी आधी हिमोग्लोबिन पाहिलं, ते ११.८ निघालं. तेच आठच्या आसपास असतं आणि पाळीत मुळात खूप जात असतं, तर आम्ही आधी ते वाढवू म्हटलं असतं आणि तोवर दुसरं साधन सुचवलं असतं. अंगावरून वास येणारं पांढरं जातं का, ओटीपोटात दुखतं का, हेही विचारलं. आत जंतुसंसर्ग असेल तर आधी त्यावर उपचार आणि मगच तांबी.

ताईंचा खरा प्रश्न शेवटी आला, तोही खाली बघून. "ह्यांना कळेल का?"

तांबी गर्भपिशवीच्या आत बसते, ती कुणालाच लागत नाही. लागला तर तिचा दोरा लागतो. पिशवीच्या तोंडातून तो साधारण तीन सेंटिमीटर बाहेर ठेवतात. काही दिवसांत तो मऊ पडतो आणि आतल्या बाजूला वळून बसतो. अगदी आखूड कापलेला दोरा मात्र टोचतो, म्हणून लपवण्यासाठी अर्धवट कापून घेऊ नये. कुणाला जराही धोका पत्करायचा नसेल तर दोरा पिशवीच्या तोंडाशी अगदी सपाट कापता येतो. मग आपला आपल्याला तो तपासता येत नाही आणि काढताना थोडा जास्त खटाटोप करावा लागतो. ताईंनी तीन सेंटिमीटर ठेवायला सांगितलं.

घरी जाऊन विचार करा, पाळी सुरू झाल्यापासून बारा दिवसांत कधीही आलात तरी आज आहे तशीच खात्री असेल, असं डॉक्टर म्हणाले. ताई म्हणाल्या, परत बाहेर पडायला जमेलच असं नाही, आजच बसवा.

बसवायला दहा मिनिटंही लागली नाहीत. काय होणार आहे हे आधी कळलं तर अंग कमी आखडतं, म्हणून सांगतो. आधी हाताने तपासून पिशवी कुठल्या बाजूला कललेली आहे ते पाहतात. मग आतलं दिसण्यासाठी एक साधन बसवतात, ते गार लागतं. पिशवीचं तोंड औषधाने पुसतात आणि चिमट्याने धरतात, तेव्हा चटकन चिमटा बसतो. पातळ सळईने पिशवीची खोली मोजतात, ताईंची सात सेंटिमीटर भरली. हे मोजणं टाळून चालत नाही, कारण अंदाजाने सरकवलं तर पिशवीला भोक पडू शकतं. ते हजारात एखादीच्या बाबतीत होतं, पण होतं. शेवटी बारीक नळीतून तांबी आत जाते, नळी मागे घेतली की तिचे हात उघडतात. त्या क्षणी पाळीसारखी जोराची कळ येते. ताईंना उठताना गरगरलं. सिस्टरांनी त्यांना पंधरा मिनिटं पडून राहायला सांगितलं आणि एक पॅड दिलं.

सहा आठवड्यांनी ताई पुन्हा आल्या, चेहरा उतरलेला. पाळी चारऐवजी सात दिवस चालली होती, दोन दिवस खूपच गेलं होतं. ते अपेक्षित होतं. पाळीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी डॉक्टरांनी आयबुप्रोफेनची गोळी लिहून दिली. तिने दुखणं आणि रक्त दोन्ही कमी होतात, फक्त ती जेवणानंतर घ्यायची. पण ताईंची काळजी वेगळीच होती. बोटाला दोरा लागत नव्हता.

तांबी निसटू शकते, आणि निसटली तर बहुधा पहिल्या वर्षात, पाळीच्या रक्ताबरोबर, कधी कळतही नाही. म्हणून दोरा सापडत नसेल तर तपासणी होईपर्यंत निरोध वापरा आणि आमच्याकडे या. डॉक्टरांनी आधी लघवीची तपासणी केली, दिवस राहिलेले नव्हते. मग आत पाहिलं. दोरा पिशवीच्या तोंडात गुंडाळून बसला होता, बारीक ब्रशने तो बाहेर आला. तो दिसलाच नसता तर सोनोग्राफी करून तांबी कुठे आहे ते पाहिलं असतं.

काही खुणांसाठी मात्र तारखेची वाट पाहू नका. दोरा अचानक लांब लागला किंवा बोटाला कडक टोक लागलं, तर तांबी खाली सरकली आहे. बसवल्यानंतरच्या तीन आठवड्यांत ताप, ओटीपोटात दुखणं आणि घाण वासाचं पांढरं, हे जंतुसंसर्गाचं लक्षण आहे. आणि पाळी चुकली तर त्याच आठवड्यात तपासून घ्या. तांबी असताना दिवस राहणं क्वचित घडतं, पण राहिलेच तर गर्भ नळीत रुजलेला नाही ना, हे पाहावं लागतं. अशा वेळी पोटात एका बाजूला जोरात दुखून चक्कर आली तर आमच्याकडेही येऊ नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा. तांबीने लैंगिक आजारांपासून संरक्षण मिळत नाही, ते फक्त निरोधने मिळतं.

ताईंना तांबी कधी काढायची ते आम्ही ठरवून दिलेलं नाही. मूल हवंसं वाटेल तेव्हा, किंवा नुसती नकोशी झाली तरी, त्यांनी यायचं. दोरा धरून ओढली की ती मिनिटाभरात निघते आणि कारण सांगावं लागत नाही.