खाण्याचा कापूर

खाण्याचा कापूर म्हणजे गोड पदार्थांत सुगंधासाठी अत्यल्प प्रमाणात घातला जाणारा शुद्ध कापूर होय. सोलापुरात, विशेषतः शहराच्या पूर्व भागातील तेलुगूभाषक विणकर कुटुंबांत, तो ‘पच्च कर्पूरम’ या नावाने परिचित असून चक्कर पोंगली या गोड भातासारख्या नैवेद्यात वापरला जातो. मराठी घरांत त्याला भीमसेनी कापूर म्हणण्याची प्रथा आहे. मात्र पूजेच्या वड्याही त्याच नावाने विकल्या जात असल्याने या नावावरून काहीच सिद्ध होत नाही.

पूजेचा कापूर बहुधा टर्पेंटाइनपासून कारखान्यात तयार होतो. त्यातील मुख्य द्रव्य खाण्याच्या कापरातील द्रव्यासारखेच असले, तरी तो जाळण्यासाठी बनवलेला असल्यामुळे त्यात राहिलेली रसायने किंवा वडी बांधण्यासाठी मिसळलेले पदार्थ अन्नाच्या कसोटीवर तपासलेले नसतात. कापूर मागे राख न ठेवता जळला म्हणजे तो खाण्याजोगा, ही समजूत चुकीची आहे. खरेदी करताना वेष्टनावर खाद्यपदार्थ म्हणून स्पष्ट उल्लेख आणि अन्नसुरक्षा परवान्याचा 14 अंकी क्रमांक पाहावा.

शुद्ध कापूरही निर्धोक नसतो, आणि नेमके हेच विसरले जाते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अन्नातून येणाऱ्या कापराची एका दिवसाची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे 2 मिलिग्रॅम सुचवली आहे. म्हणजे 10 किलो वजनाच्या बाळासाठी 20 मिलिग्रॅम. समजा, वीस वाट्या पोंगलीत 50 मिलिग्रॅमचा, साधारण गव्हाच्या दाण्याएवढा, खडा घातला. तो नीट मिसळला तर प्रत्येक वाटीत अडीच मिलिग्रॅम कापूर येतो. तोच खडा न विरघळता एका बाळाच्या घासात गेला, तर मर्यादेच्या अडीचपट कापूर पोटात जातो. कापूर पाण्यात फारसा विरघळत नाही, तुपात मात्र सहज विरघळतो. म्हणून तो बारीक करून चमचाभर कोमट तुपात विरघळवून, पातेले उतरवल्यावर घालतात. उकळत्या पदार्थात टाकल्यास त्याचा बराचसा भाग वाफेबरोबर उडून जातो आणि मग वास येत नाही म्हणून आणखी घालण्याचा मोह होतो.

पूजेच्या वडीचा धोका वेगळ्याच पातळीवरचा आहे. एक ग्रॅमची वडी 10 किलोच्या बाळाने गिळली, तर दर किलोमागे 100 मिलिग्रॅम कापूर पोटात जातो. हे प्रमाण दर किलोमागे 30 मिलिग्रॅमच्या वर गेल्यास रुग्णालयात नेणे आवश्यक मानतात. तोंडात जळजळ, उलट्या आणि श्वासाला कापराचा वास ही लक्षणे दिसू शकतात, पण काही मुलांना काही मिनिटांतच थेट झटके येतात. कापरावर उतारा नाही. मुलाला मुद्दाम उलटी करवू नये, कारण झटका आल्यास ती श्वासनलिकेत जाऊ शकते; उरलेल्या वड्यांची डबी मात्र डॉक्टरांना दाखवण्यासाठी बरोबर न्यावी.

तान्ही बाळे, गर्भवती स्त्रिया आणि अपस्माराचे रुग्ण यांच्यासाठी कापूर न घातलेला नैवेद्य आधीच वेगळा काढतात.