‘महाग आहे’ या उत्तराच्या मागे: विक्रेत्यांच्या गप्पा आणि प्रॉडक्ट टीमचं टिपण

सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीत संध्याकाळी सेल्सच्या ग्रुपवर एक मेसेज पडतो: ‘आजही तेच. एक्सेलला जातं का विचारलं, नाही म्हटल्यावर गप्प झाले. मग म्हणे महाग वाटतंय. डील गेली बहुतेक.’ खाली दोघं-तिघं लिहितात, ‘माझ्याकडेही हेच.’ आठवड्याने प्रॉडक्ट टीमच्या यादीत एक ओळ दिसते: ‘एक्सेल एक्सपोर्ट, मागणी जास्त.’ ग्राहक नेमकं काय म्हणाला, कोणत्या कामात अडला होता, हे या दोन ओळींच्या मध्ये कुठेतरी सांडून गेलेलं असतं. ही गळती ग्रुप आणि ॲपपेक्षा फार जुनी आहे. ती का होते हे कळायला ग्राहकाच्या हरकती आधी कोणी आणि कशासाठी लिहून ठेवल्या ते पाहावं लागतं.

अमेरिकेतल्या डेटन शहरात जॉन पॅटरसन यांनी 1884 मध्ये गल्लायंत्रं बनवणारी एक छोटी कंपनी विकत घेतली. तीच पुढे नॅशनल कॅश रजिस्टर म्हणून ओळखली गेली. यंत्र विकणं सोपं नव्हतं. दुकानदाराला गरज पटत नसे आणि गल्ल्यावरच्या नोकरांना हे यंत्र म्हणजे आपल्या प्रामाणिकपणावरचा संशय वाटे. पॅटरसन यांचे नातेवाईक जोसेफ क्रेन कंपनीचे उत्तम विक्रेते होते. ते प्रत्येक दुकानात जवळजवळ त्याच शब्दांत बोलतात हे पॅटरसन यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते बोलणं लिहून काढायला लावलं. 1887 च्या सुमारास त्याची पुस्तिका झाली आणि विक्रेत्यांनी ती पाठ करायची असा दंडक पडला. ग्राहक कोणती हरकत घेईल आणि तिला काय उत्तर द्यायचं, याचाही नंतर वेगळा संग्रह झाला.

विक्रेत्यांच्या तोंडी असलेलं ज्ञान कागदावर आणण्याचा हा फार मोठा टप्पा होता. पण या कागदाची दिशा नीट पाहिली पाहिजे. हरकत लिहिली जात होती ती परतवण्यासाठी. ‘मला याची गरज नाही’ याच्यापुढे उत्तर लिहिलेलं असे; तो दुकानदार तसं का म्हणाला, यासाठी रकाना नव्हता. विक्रीच्या कामाला तेच योग्य होतं. पुढे मात्र हाच साचा सगळीकडे पसरला आणि आजही बहुतेक ठिकाणी हरकतींची नोंद म्हणजे उत्तरांची वही असते.

त्याच कंपनीत दुसरी वाटही दिसते. चार्ल्स केटरिंग तिथे 1904 मध्ये रुजू झाले आणि 1906 पर्यंत त्यांनी हाताने फिरवायच्या दांड्याऐवजी विजेच्या मोटरवर चालणारं गल्लायंत्र तयार केलं. आपण इतर संशोधकांपेक्षा विक्रीच्या मंडळींतच जास्त राहिलो, कारण लोकांना काय हवं याची कल्पना त्यांनाच होती, असं ते नंतर सांगत. इथे विक्रेत्याचं बोलणं थेट यंत्र घडवणाऱ्याच्या कानावर पडत होतं. पण ते एका माणसाच्या सवयीवर टिकलेलं होतं. माणूस गेला की वाटही बंद. केटरिंग 1909 मध्ये कंपनीतून बाहेर पडले.

बोलणं नीट टिपायचं कसं, याची शिस्त विक्रीतून आलीच नाही. ती दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या अभ्यासातून आली. मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन अमेरिकी हवाई दलासाठी काम करत होते. ‘चांगला वैमानिक कसा असतो?’ असं विचारलं की धाडसी, शांत, जबाबदार अशी विशेषणं येत आणि त्यांचा उपयोग होत नसे. म्हणून विचारायचं ते घडलेल्या प्रसंगाबद्दल: काय झालं, त्या माणसाने काय केलं, परिणाम काय झाला. 1954 मध्ये त्यांनी ही पद्धत सविस्तर मांडली. ‘ग्राहकांना एक्सेल हवं असतं’ हे विशेषणाच्याच जातीचं वाक्य आहे. ‘परवा एक ग्राहक काय करत होता’ हा प्रसंग. माझ्या मते या विषयातला सगळ्यात उपयोगी फरक हाच आहे आणि तो सेल्सच्या ट्रेनिंगमध्ये क्वचितच शिकवला जातो.

दुसरी शिस्त जपानमधून आली. योजी अकाओ आणि त्यांचे सहकारी 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात ग्राहकाचं म्हणणं आणि वस्तूची रचना जोडणाऱ्या तक्त्यांवर काम करू लागले. 1972 मध्ये मित्सुबिशीच्या कोबे इथल्या जहाज कारखान्यात असा तक्ता प्रत्यक्ष वापरला गेला. त्यातला पुष्कळ भाग अभियंत्यांच्या कामाचा आहे, पण पहिली पायरी आपल्या कामाची आहे. ग्राहकाचं मूळ वाक्य जसंच्या तसं एका जागी लिहायचं. ते कोणत्या वापराच्या प्रसंगातून आलं ते त्याच्या शेजारी लिहायचं. त्यानंतर, उपायाचं नाव न घेता, गरज लिहायची. समजा, बॅटरीबद्दल कोणी म्हणालं, ‘बटण मोठं करा.’ प्रसंग असा निघतो की तो माणूस थंडीत जाड हातमोजे घालून काम करतो. गरज होते ‘हातमोजे घातलेल्या हातानेही चटकन लावता यावी.’ मोठं बटण हा तिच्यावरचा एक उपाय, एकमेव नव्हे. वाक्य, प्रसंग आणि गरज या तिन्ही गोष्टी सुट्या ठेवल्या की नंतर वाचणाऱ्याला आपल्या अर्थाची चूक पकडता येते. एकत्र कालवल्या की मूळ वाक्य पुन्हा सापडत नाही.

यानंतर खरं तर सोपं व्हायला हवं होतं, पण संगणक आले आणि उलटच झालं. विक्रीच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर बनवणारी सीबेल ही कंपनी 1993 मध्ये, तशीच सेल्सफोर्स 1999 मध्ये सुरू झाली. अशा प्रणालींमुळे विक्रीची प्रत्येक नोंद एका जागी येऊ लागली. डील हातची गेली की कारण निवडायचं: किंमत, स्पर्धक, सुविधा नाही, वेळ योग्य नाही, इतर. वरिष्ठांना तक्ता हवा असतो आणि असा रकाना मोजायला सोपा. महिन्याचा शेवट गाठणारा विक्रेता मात्र ज्यावर कोणी उलट प्रश्न विचारणार नाही तेच कारण निवडतो, म्हणजे बहुधा ‘किंमत’. ग्राहकालाही नकार देताना तेच सोयीचं पडतं. अशा रीतीने दोघांनी सभ्यपणे टाळलेलं बोलणं आकड्याच्या रूपात प्रॉडक्ट टीमपर्यंत पोहोचतं.

विक्रीचे अभ्यासक नील रॅकहॅम यांनी 1988 मध्ये, सुमारे 35,000 विक्रीभेटींच्या अभ्यासानंतर, एक अडचणीची गोष्ट मांडली. बऱ्याच हरकती विक्रेता स्वतःच ओढवून घेतो. ग्राहकाची अडचण समजून घेण्याआधीच तो फायदे सांगत सुटतो आणि मग समोरचा ‘एवढ्या किमतीचं हे नाही’ म्हणतो. टिपण लिहिणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: हरकतीआधी विक्रेता काय बोलला होता, हेही विचारायला हवं. वस्तू तीच असते, मांडणी चुकलेली असते, आणि अशी हरकत प्रॉडक्टच्या यादीत गेली तर कोणीतरी नको असलेली गोष्ट बांधत बसतो.

आता वरच्या मेसेजकडे परत येऊ. हे उदाहरण कल्पित आहे, पण या कामात असलेल्यांना ओळखीचं वाटेल. वस्तू आहे गोदामातल्या साठ्याचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर. प्रॉडक्ट टीममधली एक जण तो मेसेज वाचते आणि विक्रेत्याला फॉर्म न पाठवता फोन करते. दुसऱ्याच दिवशी करते, कारण आठवड्याने त्याला फक्त ‘एक्सेल’ हा शब्द आठवेल. ती दोनच गोष्टी विचारते: एक्सेलचं कोणी विचारलं, आणि त्यांनी हे काम शेवटचं केलं तेव्हा काय केलं?

विक्रेत्याला आठवतं की विचारलं होतं हिशेबाचं काम पाहणाऱ्या बाईंनी. ऑडिटरला महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा साठा लागतो आणि तो मागितला जातो तीन तारखेला. त्यांच्या सध्याच्या प्रणालीत रिपोर्ट काढला की त्या क्षणाचा साठा येतो. मधल्या तीन दिवसांत आलेला माल त्या हाताने वजा करतात आणि गेलेला माल मिळवतात. सहा गोदामं, सहा वेगळ्या शीट. म्हणून त्यांनी विचारलं, ‘हे एक्सेलला जातं का?’




टिपण असं होतं:

ग्राहकाचे शब्द: ‘हे एक्सेलला जातं का? महिनाअखेरीला मला तिथेच सगळं करावं लागतं.’ (विक्रेत्याच्या आठवणीतून)

प्रसंग: हिशेबनीस, महिन्याची तीन तारीख, ऑडिटरला शेवटच्या दिवशीचा साठा द्यायचा.

आज कसं भागवतात: सहा शीट, मधल्या नोंदी हाताने वजा-मिळवणी.

गरज (आमचा अर्थ): मागच्या ठरावीक तारखेचा साठा सगळ्या गोदामांसाठी एकत्र मिळावा.

विक्रेत्याची सूचना: एक्सेल एक्सपोर्टचं बटण.

खात्री नाही: ‘महाग’ हे याच कारणाने म्हटलं का. त्याआधी डेमोत वीस मिनिटं बारकोड दाखवला होता.




या कंपनीच्या सॉफ्टवेअरचा रिपोर्टही त्या क्षणाचाच साठा दाखवत होता. नुसतं बटण दिलं असतं तर सहा गोदामांचे चुकीच्या तारखेचे आकडे एका फाइलमध्ये आले असते. वजाबाकी तशीच राहिली असती.

मग तिने ग्रुपमधले सहा आठवड्यांचे मेसेज काढले. ‘एक्सेल’चा उल्लेख अकरा ठिकाणी होता. दोन ग्राहकांबद्दल प्रत्येकी विक्रेता, त्याचे वरिष्ठ आणि डेमो देणारा अशा तिघांनी लिहिलं होतं. ते वेगळं केल्यावर ग्राहक उरले सात. फोन करून विचारलं तेव्हा चौघांची अडचण तारखेची निघाली, दोघांना जुना डेटा एक्सेलमधून आत आणायचा होता, आणि एकाला फक्त छापील प्रत हवी होती. शब्द एक होता, कामं तीन.

टिपणं बिघडू लागली की ते वाचतानाच कळतं. ‘ग्राहकाचे शब्द’ या जागी ‘इंटिग्रेशनचा अभाव’ असं काही दिसलं तर समजावं की ते विक्रेत्याने किंवा लिहिणाऱ्याने घातलेलं आहे. ग्राहक असं बोलत नाही. गरजेच्या जागी बटणाचं किंवा स्क्रीनचं नाव असेल तर तो उपाय आहे. रकाने सहाचे बारा झाले की विक्रेते पुन्हा ‘किंमत’ आणि ‘इतर’ लिहू लागतात. म्हणून विक्रेत्याने नेहमीसारखं ग्रुपवर बोलावं आणि रकाने प्रॉडक्टच्या माणसाने भरावेत, हीच वाटणी मला टिकाऊ वाटते.

एक मर्यादा मात्र कितीही नीट लिहिलं तरी सुटत नाही. विक्रेत्याच्या कानावर पडतं ते विकत घ्यायचं की नाही हे ठरवणाऱ्यांचं बोलणं. घेतल्यानंतर चौथ्या महिन्यात वैतागलेला माणूस त्याला भेटत नाही, आणि हरकत न घेता निघून गेलेला तर कोणालाच भेटत नाही. त्यामुळे सातपैकी चार हा आकडा पुढे कुठे विचारायचं ते सांगतो. किती जणांना हवं आहे ते सांगत नाही.

शेवटी तिने ग्रुपवर लिहिलं: ‘एक्सेलच्या सात ग्राहकांशी बोलणं झालं. चौघांना मागच्या तारखेचा साठा हवाय, त्यावर काम सुरू करतोय. बटण सध्या नाही. यापुढे कोणी एक्सेल म्हटलं तर एवढंच विचारा: त्या फाइलचं पुढे काय करता?’ दोन दिवसांनी पहिल्याच विक्रेत्याचा मेसेज आला: ‘विचारलं. म्हणे बँकेला द्यावी लागते, दर तिमाहीला.’