पाम बीच रोडचा खांब दोनदा का मोजला गेला?

नेरूळजवळ पाम बीच रोडवर काढलेल्या एका फोटोतले दिव्याचे खांब प्रोग्रॅमने मोजायचे होते. कडा शोधून फोटो निव्वळ काळा-पांढरा केला होता. तरीही सगळ्यात ठळक दिसणारा खांब यादीत आलाच नाही. अट थोडी सैल केली, तर तोच खांब दोनदा आला!

आपल्याला खांब दिसतो. प्रोग्रॅमला मात्र सुटे पांढरे ठिपके. त्यातून रेषा काढायची तर ठिपक्यांनाच मत देऊ द्यायचं, ही पॉल हफ यांची युक्ती. बबल चेंबरच्या फोटोंतले कणांचे माग शोधण्यासाठी त्यांनी ती काढली आणि १९६२ मध्ये पेटंट मिळवलं. पण ते रेषा चढावरून ओळखत, आणि ताठ उभ्या रेषेचा चढ अनंत होतो. १९७२ मध्ये ड्यूडा आणि हार्ट यांनी चढाऐवजी कोन आणि अंतर घेतलं:

```
ρ = x·cosθ + y·sinθ
```

चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून रेषेवर लंब टाका. ρ ही त्याची लांबी, θ हा त्याचा कोन; लंब θ च्या उलट दिशेला पडला तर ρ उणे. प्रत्येक ठिपका ० ते १७९ अंशांपर्यंत दर अंशाला एक ρ काढतो आणि तक्त्यात त्या कोनाच्या रकान्यात, त्या ρ च्या घरात एक मत टाकतो. (१०, ५०), (३०, ३०) आणि (५०, १०) हे ठिपके घ्या. ० अंशाला त्यांची मतं १०, ३०, ५० अशी पांगतात. ४५ अंशाला मात्र तिघांचंही उत्तर ४२.४ येतं, म्हणजे एकाच घरात तीन मतं. तीच त्यांची रेषा.

आता आमचा खांब. त्याची एक कड ४०० ठिपक्यांची. मोबाइल जरा कलल्यामुळे ती अर्धा अंश तिरकी, म्हणजे खरा कोन १७९.५. तक्त्यात असा रकानाच नाही! ० अंशाला त्या कडेचा x वरपासून खालपर्यंत २०० वरून २०३ वर सरकतो, त्यामुळे मतं चार घरांत फुटतात आणि एका घरात जेमतेम ११५ पडतात. १७९ अंशालाही साधारण तेच. किमान मतं १५० ठेवली होती, म्हणून खांब पडला.

अट १०० वर आणली तेव्हा दोन्ही रकान्यांतली घरं निवडून आली. शेजारच्या घरांतली दुबार नावं गाळायची सोय होती, पण ० आणि १७९ हे रकाने तक्त्याच्या दोन टोकांना, शिवाय एकीकडे ρ अधिक २००, तर दुसरीकडे उणे २००. प्रत्यक्षात हे सख्खे शेजारी: ० अंश, ρ आणि १८० अंश, −ρ ही एकच रेषा. म्हणून तक्त्याच्या दोन कडा जोडायच्या, पण पीळ देऊन, कागदी पट्टीची टोकं उलटी चिकटवावीत तशा.

मी दोन्ही केलं. पीळ दिला आणि रकाने अर्ध्या अंशाचे केले. वेळ दुप्पट लागला, पण जवळजवळ सगळी ४०० मतं एका घरात पडली. किमान १५० ठेवूनही ती कड एकदाच आली. ती रेषा मात्र दिव्याच्या वर आभाळात आणि खाली रस्त्याच्या आरपार गेली होती, कारण खांब कुठे संपतो याची नोंद या तक्त्यात नसतेच. त्यासाठी रेषेवर परत जाऊन ठिपके कुठे तुटतात ते पाहावं लागतं.